प्रत्येक सबमिशन डिटेक्टरमध्ये घालावे का?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत दिवाळीनंतर प्रोजेक्टचे गठ्ठे येऊ लागले की स्टाफरूममध्ये हल्ली एकच विषय असतो. यातले किती मुलांनी स्वतः लिहिले आणि किती चॅटजीपीटीकडून लिहून घेतले? दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सरसकट सगळ्यांची फाइल डिटेक्टरमध्ये घाला, म्हणजे कुणावर अन्याय नाही. दुसरा म्हणतो, ज्याच्याबद्दल शंका येते त्याचीच तपासा, बाकीच्यांना कशाला चोर ठरवायचे? दोन्ही बाजूंचा हेतू चांगला आहे. पण डिटेक्टर नेमके काय मोजतो हे समजून घेतले, तर दोन्ही वाटा आपल्या वर्गासाठी अपुऱ्या आहेत असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे आणि मग काय करावे, ते इथे मांडतो.

आधी एक गल्लत दूर करू. आपण ‘डिटेक्टर’ म्हणतो तेव्हा दोन वेगळी साधने एकाच नावाने बोलतो. पहिले साधन साम्य शोधते. विद्यार्थ्याचा मजकूर वेबसाइट, नियतकालिके आणि जुन्या प्रबंधांशी जुळवून ते जुळलेली वाक्ये रंगवून दाखवते आणि शेजारी मूळ ठिकाणही देते. हा आकडा कुणालाही पडताळता येतो. मूळ पान उघडा, शेजारी ठेवा, वाचा. दुसरे साधन म्हणजे एआय डिटेक्टर. त्याच्यापुढे कोणतेही मूळ नसते. वाक्यातला पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, वाक्यांची लांबी किती एकसारखी आहे, यावरून ते अंदाज बांधते. भाषा सरळ, सपाट आणि ठरावीक शब्दांची असली की ते म्हणते, हे यंत्राने लिहिले असावे. इथे पुरावा काहीच नसतो, असते ती फक्त शक्यता. ‘७१ टक्के एआय’ हा आकडा विद्यार्थ्यापुढे ठेवून तुम्ही त्याला काय दाखवणार? आणि तो खोडून काढायला तो तरी काय दाखवणार?

आता हा अंदाज आपल्या मुलांवर लावून पाहा. उल्हासनगरात सिंधी घरातले, अंबरनाथ-बदलापुरात मराठी माध्यमातून आलेले, दोन्हीकडे हिंदी बोलणारे असे कितीतरी विद्यार्थी बारावीनंतर एकदम इंग्रजीत प्रोजेक्ट लिहायला बसतात. त्यांची इंग्रजी गाईडमधल्या पाठ केलेल्या वाक्यांवर उभी असते. शब्द मोजके, रचना सुरक्षित, प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात जवळपास तशीच. म्हणजे ज्या गुणांवरून डिटेक्टर यंत्र ओळखतो, नेमके तेच गुण त्यांच्या प्रामाणिक लेखनात असतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टरांना ९१ टोफेल निबंध दिले. ते सगळे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले होते. सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसाचे म्हणून ओळखले गेले. खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे ओळखयंत्र काढले. यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला पकडता येत होता आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकूर ते चुकून यंत्राचा ठरवत होते. सहा महिन्यांच्या आत कंपनीने ते बंद केले. त्यानंतरची साधने सुधारली आहेत, हे खरे. पण इंग्रजी दुसरी-तिसरी भाषा असलेल्या लेखकाची अडचण त्यांच्या कामाच्या पद्धतीतच आहे.

सरसकट तपासले तर

टीवायबीकॉमचा १२० जणांचा वर्ग घेऊ. समजा त्यातल्या २४ जणांनी प्रोजेक्ट यंत्राकडून लिहून घेतले आणि ९६ जणांनी स्वतः लिहिले. डिटेक्टर बऱ्यापैकी चांगला आहे असे धरू. चारपैकी तीन चोऱ्या पकडतो आणि प्रामाणिक शंभरांतल्या पाचांवर चुकून बोट ठेवतो. तर २४ पैकी १८ सापडतील आणि ९६ पैकी साधारण ५ निर्दोष अडकतील. तुमच्या टेबलावर २३ नावे आली, त्यातली ५ निर्दोष. कोणती पाच, हे यादी सांगत नाही. आता इंग्रजी कच्ची असल्यामुळे चुकीचे प्रमाण पाचऐवजी वीस टक्के झाले असे धरा. मग १८ दोषींबरोबर १९ निर्दोष त्याच यादीत येतात. ती यादी हातात घेऊन एखाद्याला दोषी ठरवणे आणि नाणे उडवणे यात फरक राहत नाही.

एका सबमिशनपुरते हे कदाचित सांभाळून घेता येईल. पण सरसकट तपासणी म्हणजे प्रत्येक असाइनमेंट, प्रत्येक सत्र, तीन वर्षे. पाच टक्के चुकीने दहा वेळा तपासले आणि चुका कुणावरही पडू शकतात असे धरले, तर प्रामाणिक विद्यार्थ्यांपैकी चाळीस टक्क्यांवर कधी ना कधी शिक्का बसेल. प्रत्यक्षात चुका सगळ्यांवर सारख्या पडत नाहीत. ज्या मुलीची लिहिण्याची धाटणीच सपाट आहे, ती पहिल्या सत्रात सापडते, दुसऱ्यात सापडते, तिसऱ्यातही सापडते. तोवर शिक्षकांच्या मनात ‘ही नेहमीचीच’ अशी नोंद झालेली असते. यंत्राची एकच चूक परत परत होत असते, आणि आपण मात्र तिला परत परत मिळालेला पुरावा समजतो.

अमेरिकेतल्या व्हॅंडरबिल्ट विद्यापीठाने हाच हिशेब मांडला होता. वर्षाला ७५ हजार पेपर टर्निटिनमधून जातात, कंपनी म्हणते तशी चूक एक टक्का धरली तरी सुमारे ७५० पेपरांवर खोटा आळ येईल, असे सांगून त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनची एआय ओळखण्याची सोय बंद केली. आपल्याकडे हरियाणातल्या सोनीपतच्या जिंदाल विद्यापीठातले प्रकरण बोलके आहे. एका एलएलएम विद्यार्थ्याचे परीक्षेतले उत्तर ८८ टक्के एआयचे आहे असे टर्निटिनने दाखवले आणि त्याला नापास केले गेले. २०२४ मध्ये तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. त्यानंतर विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचे कोर्टाला सांगितले आणि याचिका निकाली निघाली. तो विद्यार्थी स्वतः कायदा शिकलेला होता. वालधुनीच्या काठावरून येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाला कोर्ट सुचणार नाही. तो गप्प बसेल आणि गुण गमावेल.

विश्वासावर याचा परिणाम कसा होतो, तेही पाहू. सगळ्यांचीच तपासणी होते म्हणून कुणाला अपमान वाटत नाही, असे आपण समजतो. पण मुले पटकन शिकतात की लेखन आता शिक्षकासाठी नाही, यंत्रासाठी करायचे आहे. मग चांगले लिहिणारी मुलगी सबमिशनच्या आदल्या रात्री स्वतःचेच लेखन मोबाइलवरच्या फुकट डिटेक्टरमध्ये टाकून बघते. चाळीस टक्के दिसले की नीटनेटकी वाक्ये मोडते, मुद्दाम व्याकरणाच्या चुका घालते. ज्याने खरोखर नक्कल केली, तो मजकूर ‘माणसासारखा’ करून देणाऱ्या दुसऱ्या साइटवर जातो आणि सुटतो. तपासणीचा त्रास प्रामाणिक मुलांनाच जास्त होतो. शिवाय अर्धवट मसुदा घेऊन ‘मॅडम, हे बरोबर चाललंय का?’ म्हणून येणारी मुले कमी होतात, कारण मसुदा दाखवणे म्हणजे संशयाला आमंत्रण, असे त्यांना वाटू लागते.

फक्त शंका आलेलीच तपासली तर

हा मार्ग वरवर समंजस वाटतो. पण शंका कुणाची येते, याचा प्रामाणिक विचार करा. वर्गात इंग्रजीत न बोलणारा, शेवटच्या बाकावर बसणारा, गेल्या वर्षी एटीकेटी लागलेला विद्यार्थी एकदम सुबक परिच्छेद घेऊन आला की आपल्या भुवया उंचावतात. तोच परिच्छेद कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलीने दिला तर आपण कौतुक करतो. मग पहिल्याची फाइल डिटेक्टरमध्ये जाते. त्याची इंग्रजी सपाट असल्यामुळे आकडा चढा येतो आणि आपला पूर्वग्रह आता टक्केवारीच्या कपड्यात समोर उभा राहतो. दुसरीची फाइल तपासलीच जात नाही, त्यामुळे तिने नक्कल केली असली तरी आपल्याला कळत नाही. वर्गात हे लपत नाही. कुणाची फाइल ‘चेक केली’ हे दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ठाऊक असते, आणि ती नावे कोणत्या वस्त्यांमधली, कोणत्या माध्यमातली आहेत हेही मुले मोजतात.

शंका येणे वाईट नाही. अनुभवी शिक्षकाची शंका पुष्कळदा बरोबर असते. पण ती लेखनातल्या एखाद्या ठोस गोष्टीवर आलेली असावी आणि तिची तड डिटेक्टरने लागत नाही, माणसाशी बोलून लागते. दोन प्रोजेक्ट समोर ठेवून हे दाखवतो. दोन्ही उदाहरणे कल्पित आहेत, पण अशी प्रोजेक्ट आपल्या गठ्ठ्यात दरवर्षी असतात.

दोघांचाही विषय उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधला जीन्सचा धंदा. पहिले प्रोजेक्ट बदलापूरच्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचे. एआय डिटेक्टर म्हणतो ७१ टक्के. दुसरे, सफाईदार इंग्रजी लिहिणाऱ्या मुलाचे, डिटेक्टरनुसार ६ टक्के. फक्त आकडे पाहिले तर निकाल लागलाच. आता दोन्ही वाचू.

मुलाच्या प्रोजेक्टमध्ये लिहिले आहे की ५० दुकानदारांना प्रश्नावली दिली आणि ४७ टक्के जणांनी विक्री घटल्याचे सांगितले. इथेच थांबायला हवे. ५० जणांत एक माणूस म्हणजे २ टक्के, त्यामुळे उत्तर ४६ किंवा ४८ टक्के येऊ शकते, ४७ येणार नाही. साडेतेवीस दुकानदार नसतात. पुढच्या तक्त्यांतही ३१, ५३, ६९ असे विषम आकडे आहेत. संदर्भसूचीतली दोन पुस्तके कुठल्याच ग्रंथालयाच्या यादीत सापडत नाहीत. भरलेल्या प्रश्नावल्या मागितल्या तर ‘घरी राहिल्या’ असे उत्तर येते. यंत्राने लिहिले की त्याने स्वतः रचले, हा प्रश्न इथे गौण आहे. सर्वेक्षण झालेलेच नाही, हे डिटेक्टरशिवाय सिद्ध होते.

मुलीला बोलावून विचारले, ‘पहिल्या दिवशी कोणत्या दुकानात गेलीस?’ ती सांगते, दुपारी गेले तर शेठ जेवायला गेले होते, कारागीर बोलायला तयार नव्हता, म्हणून संध्याकाळी परत गेले. तिच्याकडे ३२ भरलेल्या प्रश्नावल्या आहेत, काहींवर चहाचे डाग. एका दुकानदाराने धुलाईचे युनिट बंद पडल्यावर माल बाहेर धुवायला पाठवावा लागतो असे सांगितले, ते तिने वहीत मराठीत लिहून ठेवले आहे. मग ७१ टक्के कुठून आले? तिने आधी सगळे मराठीत लिहिले, मोबाइलवर इंग्रजीत भाषांतर केले आणि मग सुधारले. भाषांतरयंत्राची इंग्रजी गुळगुळीत असते, म्हणून डिटेक्टर अडखळला. प्रोजेक्टचे काम, विचार, निष्कर्ष सगळे तिचेच आहे. यात चूक असेलच तर आपली. भाषांतर चालेल की नाही, हे आपण कधी सांगितलेच नव्हते.

मग करायचे काय?

साम्य तपासणी करायची असेल तर ती सगळ्यांची करा आणि उघडपणे करा. तिथे मूळ मजकूर दाखवता येतो, म्हणून सरसकट तपासणीत अन्याय होत नाही. मात्र अहवाल शेवटच्या सबमिशनआधी विद्यार्थ्याच्या हातात द्या आणि दुरुस्तीला आठवडा द्या. एकूण टक्केवारीवर निर्णय देऊ नका, रंगवलेला भाग कुठे आहे ते पाहा. कंपनीचा इतिहास, कायद्यातल्या व्याख्या, प्रश्नावली आणि संदर्भसूची जुळणारच. निष्कर्षाचे प्रकरण जुळले तर तो प्रश्न आहे. इथे एक गैरसमज फार पसरला आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे, ते बीकॉम-बीएमएसच्या प्रोजेक्टलाही लागू आहे, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते नियम पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या प्रबंधांसाठी व प्रकाशनांसाठी आहेत. असाइनमेंट, प्रोजेक्ट अहवाल, उत्तरपत्रिका त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. तुमच्या विभागाला हवी ती मर्यादा ठरवा, पण ती यूजीसीच्या नावावर खपवू नका. शिवाय त्या नियमांत यंत्राने लिहिलेल्या मजकुराबद्दल टक्केवारीचा कोणताही निकष नाही. मराठीत दिलेल्या प्रोजेक्टबाबत एवढेच पाहा की फाइल युनिकोडमध्ये आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तपासणीच्या साधनाला अगम्य अक्षरांसारखा दिसतो आणि साम्य शून्य येते.

एआय डिटेक्टर मात्र सरसकट वापरू नका, आणि शंका आल्यावर पहिले पाऊल म्हणूनही वापरू नका. त्याऐवजी सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात वर्गातच दहा मिनिटांत एक परिच्छेद हाताने लिहून घ्या, विषय साधा ठेवा, आणि तो जपून ठेवा. पुढे लेखनात फार फरक दिसला तर तुलनेला आधार मिळतो. प्रोजेक्ट एकदम शेवटी न घेता मध्ये एकदा कच्चे साहित्य पाहा. प्रश्नावल्या, वहीतल्या नोंदी, भेट दिलेल्या ठिकाणांची यादी एवढे पुरे. हाताने लिहिलेल्या जर्नलला हे जास्त लागू आहे. मोबाइलच्या पडद्यावरून वहीत उतरवलेला मजकूर कोणत्याच डिटेक्टरला दिसत नाही, पण कच्च्या नोंदी नसल्या की लगेच लक्षात येते.

आणि तोंडी परीक्षा चिठ्ठी काढून घ्या. १२० जणांची प्रत्येकी पाच मिनिटे म्हणजे दहा तास, तेवढा वेळ कुणाकडेच नाही. वीस चिठ्ठ्या काढल्या आणि प्रत्येकाला सात मिनिटे दिली तर अडीच तासांच्या आत काम होते. चिठ्ठी सगळ्या वर्गासमोर काढा. ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये ठोस विसंगती दिसली, त्यांची नावे त्याच वेळापत्रकात मिसळा. मग व्हायवाला बोलावले म्हणजे संशय आला, असे कुणी म्हणू शकत नाही, आणि आपलाही नंबर लागू शकतो हे प्रत्येकाला माहीत असते. पूर्वग्रहाला आळा घालायला यापेक्षा सोपा उपाय मला ठाऊक नाही.

शंका आलेल्या विद्यार्थ्याशी वर्गात बोलू नका. दुसरा एखादा शिक्षक सोबत असू द्या. ‘तू एआय वापरलास का?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी कामाबद्दल विचारा. हा तक्ता कसा काढला, या पुस्तकातले कोणते प्रकरण वाचलेस, हा निष्कर्ष तुझ्या कोणत्या उत्तरावरून आला. काम केलेला विद्यार्थी अडखळत का होईना, तपशील सांगतो. न केलेला सर्वसाधारण बोलतो आणि तपशील विचारला की गोंधळतो. पण घाबरलेला प्रामाणिक विद्यार्थीही गोंधळतो, म्हणून त्याच्या भाषेत बोलू द्या. सिंधी बोलणारा सहकारी असेल तर त्याला बोलवा. उत्तरे लिहून ठेवा, विद्यार्थ्याला वाचून दाखवा, सही घ्या. काम त्याचे नाही असे ठरले तर पहिल्या वेळी तो भाग पुन्हा करून घ्या. त्यावरही तो सहमत नसेल तर प्रकरण विभागप्रमुखांकडे आणि गैरप्रकार समितीकडे जाऊ द्या. तिथे डिटेक्टरचा आकडा नेऊ नका, विसंगतींची यादी न्या.

कोणत्याही फुकट वेबसाइटवर विद्यार्थ्याची नाव-रोल नंबर असलेली फाइल टाकू नका. ती कुठे साठते, पुढे कशाला वापरली जाते, हे आपल्या हातात राहत नाही. कनिष्ठ महाविद्यालयातली मुले तर बहुतेक अल्पवयीन आहेत.

यंदाचे विषय वाटण्याआधी विभागाच्या बैठकीत पंधरा मिनिटे काढून एक छोटे सूचनापत्र तयार करा आणि ते मराठी, हिंदी, इंग्रजीत लावा. त्यात एवढेच लिहा: स्वतः लिहिलेल्या मजकुराचे भाषांतर आणि शुद्धलेखन यंत्राकडून करून घेतले तर चालेल, पण पहिल्या पानावर तसे नमूद करावे आणि मूळ मसुदा जपून ठेवावा. सर्वेक्षण, आकडे, निष्कर्ष आणि संदर्भ स्वतःचेच असावेत. साम्य तपासणी सगळ्यांची होईल आणि अहवाल आधी तुम्हाला मिळेल. वीस जणांचा व्हायवा चिठ्ठीने ठरेल, त्यात आणखी नावे येऊ शकतात. एआय डिटेक्टरच्या आकड्यावरून या विभागात कुणाचेही गुण कापले जाणार नाहीत. या पत्रावर विभागातल्या प्रत्येक शिक्षकाने सही करावी, कारण एका शिक्षकाने एक सांगायचे आणि दुसऱ्याने दुसरेच करायचे, असे झाले तर मुले कोणावरच भरवसा ठेवणार नाहीत.